फोटोतला माणूस पुसला, पण पायऱ्या का मोडल्या?

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलसमोर कोणत्याही संध्याकाळी उभे राहा. त्या रुंद पायऱ्यांवर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. समोर लग्नाआधीचं फोटोशूट चालू असतं आणि फोटोग्राफर मनातल्या मनात हिशोब करत असतो, की मागचे हे सगळे नंतर पुसावे लागणार. २०२१ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ फोनसोबत ‘मॅजिक इरेझर’ आलं, २०२४ मध्ये आयफोनवर ‘क्लीन अप’ आलं, आणि हे काम बोटाच्या एका फटकाऱ्यावर आलं. आकाश, समुद्र, गवत यांच्यापुढचा माणूस पुसला तर पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण तोच माणूस पायऱ्यांवरून किंवा बाकावरून पुसला, की तिथे काहीतरी विचित्र उगवतं. एक पायरी मध्येच दोन होते, कड वाकते, बाकाची फळी एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बोटभर खाली बाहेर येते.

असं का होतं आणि ते बरोबर कसं करायचं, ते इथे पाहू. सगळा भर जिन्यावर ठेवतो, कारण जिना जमला की बाक त्यामानाने सोपा आहे.

## मागचं दिसतच नव्हतं, मग बरोबर-चूक ठरवायचं कशावरून?

पहिला आक्षेप हाच असतो. माणसाच्या मागे काय होतं ते कॅमेऱ्याने टिपलंच नाही, म्हणजे तिथे जे भरू ती कल्पनाच, असं वाटतं.

गवताच्या बाबतीत ते खरं आहे. तिथे कोणतं पातं कुठे होतं हे कुणालाच सांगता येणार नाही आणि कुणी विचारतही नाही. जिन्याचं तसं नाही. माणसाच्या डाव्या बाजूला पायरीची कड दिसते आहे, उजव्या बाजूला तीच कड पुन्हा दिसते आहे, आणि कड सरळ आहे. मग मधली कड कुठून जाणार हे आधीच ठरलेलं आहे. सरळ लेन्समधून सरळ रेषा सरळच उमटते, हा पहिला नियम. त्यामुळे झाकलेल्या जिन्याची बहुतेक माहिती फोटोतच असते, फक्त ती माणसाच्या आजूबाजूला पसरलेली असते. कल्पना लागते ती दगडाच्या पोतासाठी, डागांसाठी. कडा कुठे आहेत यासाठी ती लागत नाही.

एक सावधगिरी मात्र आधीच. फोनच्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत काठाजवळच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगतात. फोन हे बऱ्यापैकी दुरुस्त करून देतो, पण सगळं नाही. पट्टी लावायच्या आधी फोटोशॉपच्या लेन्स करेक्शनने किंवा गिंप या फोटो-एडिटरच्या लेन्स डिस्टॉर्शनने रेषा सरळ करून घ्याव्यात, नाहीतर पुढची सगळी मापं वाकड्या पट्टीने घेतल्यासारखी होतात.

## मग सॉफ्टवेअरला एवढंही का कळत नाही?

कारण बहुतेक सॉफ्टवेअर जिना पाहतच नाही, ते ठिपक्यांचे तुकडे पाहतं. चांगला रफूवाला साडीच्या भोकाभोवतीचं विणकाम बघतो, पदराच्या आतल्या बाजूचे धागे काढतो आणि भोकाच्या कडेपासून आत विणत जातो. शेजारच्या विणीशी वीण जुळली की त्याचं काम झालं. फोटो भरणाऱ्या पद्धती बराच काळ हेच करत आल्या. २००० साली आलेल्या एका गाजलेल्या पद्धतीत कडेचे रंग आणि रेषा हळूहळू आत पसरवल्या जात. ओरखडा बुजवायला ती उत्तम, पण माणसाएवढ्या भोकात मधे धुकं साचायचं. २००४ मध्ये क्रिमिनिसी या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तुकडे उचलून लावण्याची पद्धत मांडली आणि तिच्यात एक फार शहाणी गोष्ट केली: भोकाच्या कडेवर जिथे ठळक रेषा येऊन थांबते, तिथून भरायला सुरुवात करायची, म्हणजे रेषा आधी आत जाते आणि सपाट भाग नंतर भरतो. २००९ मध्ये ‘पॅचमॅच’ने योग्य तुकडा शोधणं प्रचंड वेगवान केलं आणि पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये आजूबाजूचं पाहून भोक आपोआप भरणारं कंटेंट अवेअर फिल आलं.

आता अडचण बघा. साडीची वीण सगळीकडे सारखी असते. फोटोतल्या पायऱ्या मात्र कुठेच सारख्या नसतात. प्रत्यक्षात एकाच मापाच्या असल्या तरी वर जावं तशी प्रत्येक पायरी फोटोत लहान होते आणि तिचा आकारही बदलतो. दुसऱ्या पायरीचा तुकडा सातव्या पायरीवर रंगाने शोभेल, मापाने बसणार नाही. आजची शिकवलेली मॉडेल्स लाखो फोटो पाहून तयार झालेली असतात. त्यामुळे जिना साधारण कसा दिसतो हे त्यांना ठाऊक असतं आणि निकाल पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा येतो. पण ‘जिन्यासारखं दिसणं’ आणि ‘याच जिन्याचं असणं’ यांत फरक आहे. कडा एका बिंदूकडे जाताहेत का याचा हिशोब ती सहसा करत नाहीत. भूमिती आधी शोधून मग भरणाऱ्या पद्धतीही आहेत. २०१४ मधली एक पद्धत फोटोतली प्रतलं ओळखून तुकडे त्यांच्या तिरपेपणाप्रमाणे वाकवून लावते. पण त्या फोनवरच्या बटणामागे असतीलच असं धरून चालू नये.

## दोन खुणा शोधल्या की निम्मं काम झालं

जिन्याचा हिशोब दोन गोष्टींवर उभा आहे.

पहिली म्हणजे क्षितिजरेषा. ही कॅमेऱ्याच्या उंचीची रेषा. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर धरला असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या जगातली दीड मीटर उंचीची प्रत्येक गोष्ट फोटोत याच रेषेवर येते. ती जवळ असो की लांब. फोन सरळ उभा धरला असेल तर ही रेषा फोटोच्या मधोमध असते. वर किंवा खाली झुकवला असेल तर फरसबंदीच्या आत जाणाऱ्या रेषा पट्टीने वाढवायच्या. त्या जिथे मिळतात, तिथून ती जाते.

दुसरी म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट. प्रत्यक्षात समांतर असलेल्या आणि आपल्यापासून दूर जाणाऱ्या रेषा फोटोत ज्या बिंदूशी मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू. जिन्याला याचा एक खास बिंदू असतो. सगळ्या पायऱ्यांच्या डाव्या टोकांना पट्टी लावा, एक तिरपी रेषा मिळेल. उजव्या टोकांनाही तसंच करा. या दोन रेषा वर जिथे भेटतात तो जिन्याच्या चढाचा बिंदू. चढत्या जिन्यासाठी तो नेहमी क्षितिजरेषेच्या वर असतो. कधी फोटोच्या बाहेरही जातो, तेव्हा कॅनव्हास वाढवून घ्यावा लागतो.

## आकड्यांतून एक जिना

समजा पायरी १५ सेंमी उंच आणि ३० सेंमी खोल आहे. फोन बरोबर समोर, जमिनीपासून १५० सेंमी उंचीवर, पहिल्या पायरीपासून ३ मीटर दूर आणि सरळ उभा धरलेला आहे. फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा, नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याचा. जिना अरुंद आहे आणि त्यावर दोघेजण खांद्याला खांदा लावून बसले आहेत. चौथ्या ते सातव्या पायरीच्या कडा त्यांच्यामागे पूर्ण झाकल्या आहेत, दोन्ही टोकांसकट. खालच्या तीन दिसतात, आठवी आणि तिच्या वरच्या दिसतात.

चढाच्या बिंदूपासून खाली मोजलं तर पहिल्या पायरीची कड २८५० पिक्सेलवर येते, दुसरी २५९१ वर, तिसरी २३७५ वर. आठवी १६७६ वर. आता मधल्या चार कुठे काढायच्या?

घाईत सगळेच करतात ती गोष्ट म्हणजे तिसऱ्या आणि आठव्या कडेमधलं ६९९ पिक्सेलचं अंतर पाच सारख्या भागांत वाटून टाकणं. मग कडा २२३५, २०९५, १९५६ आणि १८१६ वर येतात. आणि जिना चुकतो.

बरोबर रीत अशी. दुसरं माप घ्या, त्याला पहिल्या दोन मापांच्या फरकाने भागा. २५९१ भागिले २५९, उत्तर जवळपास १०. म्हणजे पहिल्या पायरीचा भाजक १०, दुसरीचा ११, तिसरीचा १२. ताळा करून बघा: २८५० गुणिले १० म्हणजे २८५००. २५९१ ला ११ ने आणि २३७५ ला १२ ने गुणलं तरी तेवढेच येतात, एखाद्या आकड्याचा फरक सोडला तर. आता पुढे फक्त २८५०० ला १३, १४, १५, १६ ने भागत जायचं. चौथी कड २१९२ वर, पाचवी २०३६ वर, सहावी १९०० वर, सातवी १७८१ वर. सतराने भागलं की १६७६ येतात, म्हणजे वर दिसणारी आठवी पायरी. ती नेमकी बसली म्हणजे मधल्या चारही बरोबर आहेत.

हे चालतं कारण फोटोत लांबी अंतराच्या व्यस्त प्रमाणात लहान होते. आपल्या जिन्यात कॅमेरा पहिल्या कडेपासून ३ मीटर, म्हणजे दहा पायऱ्यांच्या खोलीइतका दूर होता. तोच तो १०. पण फोटो कुणीतरी दुसऱ्याने काढलेला असला आणि यातलं एकही माप आपल्याला माहीत नसलं, तरी भाजक फोटोतूनच निघतो.

सारखे भाग पाडणाऱ्याची पाचवी कड साठ पिक्सेलने चुकली होती. त्या ठिकाणी एक अख्खी पायरी फोटोत सुमारे १५० पिक्सेलची आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या पायरीची चूक.

## कडा बसल्या, तरी जिना खोटा का वाटतो?

कारण प्रत्येक पायरीत दोन पट्ट्या असतात: समोर दिसणारा उभा भाग आणि पाय ठेवायचा सपाट भाग. या दोन पट्ट्या वर जाताना सारख्या वेगाने लहान होत नाहीत. माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो इथे उघडे पडतात, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

आपल्याच जिन्यात पहिल्या पायरीचा सपाट भाग १२३ पिक्सेल दिसतो. तिसरीचा ६७. आठवीचा जेमतेम १०. दहावी पायरी जमिनीपासून १५० सेंमी उंच, म्हणजे नेमकी कॅमेऱ्याच्या उंचीवर, तिचा सपाट भाग शून्य, एक रेघ. आणि तिच्या वरच्या पायऱ्यांचे सपाट भाग दिसतच नाहीत, फक्त उभ्या भागांची चवड दिसते. उभा भाग मात्र दुसऱ्या पायरीचा १३६ पिक्सेल आणि नवव्या पायरीचा ८३ पिक्सेल आहे. तो कमी होतो, संपत नाही.

यातून तपासणीची एक पक्की खूण मिळते. क्षितिजरेषा आखा. तिच्या वर कुठेही पायरीचा सपाट भाग दिसत असेल, तर तो तुकडा खालून उचलून लावलेला आहे. बाकी सगळं कितीही सफाईने जुळवलेलं असलं तरी.

## भरायचं कसं

आधी नव्या लेअरवर बारीक रेघांनी सगळ्या कडा आणि उभ्या-सपाट भागांच्या सीमा आखून घ्याव्यात. त्याच्या आधी एकही ठिपका भरू नये. मग प्रत्येक पट्टी स्वतंत्र निवडून भरायची, म्हणजे ब्रश शेजारच्या पट्टीत सांडत नाही.

माल नेहमी त्याच पायरीवरून घ्यायचा. चौथीचा उभा भाग भरायचा तर चौथीचाच डावीकडचा तुकडा उजवीकडे सरकवायचा. समोरून काढलेल्या फोटोत तो सरळ आडवा सरकतो आणि माप बदलत नाही. प्रकाश, धूसरपणा, दाणेदारपणा हे सगळं आपोआप जुळतं. आपल्या उदाहरणासारखी पायरी पूर्णच झाकलेली असेल, तर लगतच्या पायरीची पट्टी घ्यावी लागते. मग ती हव्या त्या रुंदी-उंचीला आणून बसवायची. उभ्या भागासाठी उभा, सपाटासाठी सपाट, कारण वरून येणारा उजेड दोघांवर वेगळा पडतो.

फोटो बाजूने काढला असेल तर आडव्या कडाही तिरप्या होतात आणि त्यांचाही क्षितिजरेषेवर स्वतःचा एक व्हॅनिशिंग पॉइंट तयार होतो. तिथे नुसतं सरकवून भागत नाही, सरकवलेला तुकडा दूर जाताना लहानही व्हायला हवा. फोटोशॉपमध्ये २००५ पासून असलेलं व्हॅनिशिंग पॉइंट फिल्टर नेमकं यासाठी आहे. पट्टीचे चार कोपरे दाखवले की त्यातला क्लोन ब्रश त्या तिरपेपणाप्रमाणे तुकडा बारीक करत नेतो. गिंपमध्ये फुकटात मिळणारं पर्स्पेक्टिव्ह क्लोन तेच करतं.

माणसाची सावलीही जायला हवी, आणि जिन्यावर ती सरळ नसते. सपाट भागावर एका दिशेला, उभ्या भागावर दुसऱ्या दिशेला अशी मोडत मोडत ती खाली उतरते. शेवटच्या दोन पायऱ्यांवरचा तिचा फिकट तुकडा हमखास राहून जातो.

## पण सगळे जिने कुठे सारखे असतात?

नसतात. वरचा भागाकार सिमेंटच्या, एका मापाने बांधलेल्या जिन्यासाठी आहे. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांना तो लावू नये. वापराने जुन्या दगडी पायऱ्या मध्यभागी झिजतात, आणि माणूस बहुतेक वेळा मध्यभागीच उभा असतो. डावं टोक आणि उजवं टोक पट्टीने जोडलं तर भूमिती बरोबर येते आणि पायरी कालच बांधल्यासारखी दिसते. तिथे वरच्या आणि खालच्या दिसणाऱ्या पायऱ्या किती झिजल्या आहेत ते मोजून कडेला तेवढा झोल द्यावा लागतो. हा अंदाज असतो आणि तो अंदाजच राहतो.

आपल्या जिन्याचं कसं आहे हे ओळखायला सोपं आहे. दिसणाऱ्या सगळ्या पायऱ्यांवर भागाकार करून बघा. दोन-चार पिक्सेलच्या फरकाने सगळ्या बसत असतील तर झाकलेल्याही बसतील. दिसणाऱ्याच वीस-पंचवीस पिक्सेलने हलत असतील तर सूत्र बाजूला ठेवा.

## आणि बाक?

बाकाच्या फळ्या म्हणजे पायऱ्यांच्या कडाच, फक्त कमी. दोन्ही बाजूंनी दिसणारी फळी पट्टीने जोडायची. आधी फळ्या डावीकडे आणि उजवीकडे मोजायच्या, कारण डावीकडे पाच आणि उजवीकडे सहा हा पुसलेल्या बाकांचा ठरलेला आजार आहे.

खरा प्रश्न बाकाच्या पायांचा आणि हात टेकायच्या मधल्या दांडीचा असतो. माणसाच्या मागे बाकाचा तिसरा पाय होता की नव्हता, हे कोणतीही रेषा सांगत नाही. पण जमीन सांगते. दोन पायांच्या सावल्यांमध्ये तिसरी सावली पडली आहे का, फळ्यांवर ठरावीक अंतराने येणारे बोल्ट मध्येही एका ओळीत आहेत का, तेच पाहायचं. शेजारी त्याच बागेतला दुसरा बाक फोटोत असेल तर प्रश्नच मिटला.

## एवढं करण्यापेक्षा दुसरा फोटो काढला तर?

माणूस बाजूला झाल्यावर काढलेला दुसरा फोटो हाताशी असेल तर तोच वापरावा. तिथे अंदाजाला जागाच राहत नाही. मात्र कॅमेरा त्याच जागी असायला हवा. एकाच जागेवरून फोन थोडा वळला किंवा झुकला असेल तर दोन फोटो पूर्ण जुळवता येतात. पण तुम्ही पाऊलभर सरकलात तर जवळच्या पायऱ्या जास्त सरकतात, लांबच्या कमी. जुळवायला चार खुणा निवडायच्याच असतील तर त्या पायऱ्यांच्या कडांवरच निवडा, दोन खालच्या आणि दोन वरच्या. सगळ्या कडा एकाच तिरप्या प्रतलावर असतात, त्यामुळे त्या एकत्र बसतात. उरलेली चूक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात, सपाट भाग संपून उभा भाग सुरू होतो तिथे साचते. ती थोडीच असते आणि सहसा सावलीत असते.